मणी सहा, हार किती?
गोलाकार मांडणीत भागाकार का करतात आणि तो कुठे फसतो

मोबाइलवर आलेले ते छायाचित्र घाईत काढलेले होते. सरावपत्रिकेचे पान तिरके, वरच्या कोपऱ्यावर हाताची सावली आणि शेवटच्या ओळीचा उजवा भाग चौकटीबाहेर गेलेला. पानावर तीन प्रश्न होते. सहा वेगवेगळ्या रंगांच्या मण्यांचे किती हार होतील, हा पहिला. तीन लाल व तीन पांढऱ्या मण्यांचे किती हार होतील, हा दुसरा. तिसऱ्याची सुरुवात ‘दोन लाल, दोन पांढऱ्या व दोन निळ्या’ अशी होती आणि पुढे कागदच दिसत नव्हता. खाली बारीक अक्षरांत उत्तरे छापलेली होती : ६०, ३ आणि १५.

पुण्यात अकरावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने हे छायाचित्र अभियंता असलेल्या आपल्या मामाला पाठवले, ते दुसऱ्या प्रश्नासाठी. पहिल्याचे उत्तर तिला आले होते. तीच रीत दुसऱ्याला लावल्यावर २० भागिले १२, म्हणजे एक पूर्णांक दोन तृतीयांश, असे उत्तर समासात पेन्सिलीने लिहिलेले दिसत होते. सोबत एक ओळ होती : ‘मामा, दुसरा हार अर्धवटच राहतोय. चुकलं कुठे?’

प्रश्न लहान असला तरी त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. पर्म्युटेशनच्या धड्यात गोलाकार मांडणीचे सूत्र बहुतेकांनी पाठ केलेले असते. माणसे गोल बसवायची असतील तर एक वजा करून फॅक्टोरिअल आणि हार असेल तर त्याचे निम्मे, एवढे लक्षात राहते. हा भागाकार कशाचा आहे, हे मात्र सहसा विसरले जाते आणि नेमके तेच ठाऊक नसले की दुसरा प्रश्न अडतो.

आधी टेबल, मग हार

चार माणसे एका गोल टेबलाभोवती बसणार आहेत, असे धरू. त्यांना आ, ब, क, ड म्हणू. ती एका रांगेत उभी राहिली असती तर पहिल्या जागेसाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक. गुणाकार २४. गोल टेबलाला मात्र पहिली खुर्ची नसते. ‘आ-ब-क-ड’, ‘ब-क-ड-आ’, ‘क-ड-आ-ब’ आणि ‘ड-आ-ब-क’ या कागदावर चार वेगळ्या नोंदी आहेत. टेबलाशी पाहिले तर चारही वेळा आ च्या डावीकडे तोच माणूस आहे, उजवीकडे तोच आणि समोरही तोच. सगळ्यांनी एकेक खुर्ची सरकून बसले तरी कोणाचा शेजार बदलत नाही. म्हणजे बैठक एक आणि तिच्या नोंदी चार. प्रत्येक बैठकीच्या अशा चार नोंदी २४ च्या यादीत आहेत, म्हणून बैठका २४ भागिले ४, म्हणजे ६.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. आ ला कोणत्याही एका खुर्चीवर बसवून टाकावे आणि त्याच्या संदर्भाने उरलेल्या तिघांना बसवावे. तिघांचे ३ × २ × १ = ६ प्रकार. पाठ्यपुस्तकातील (n − 1)! हे सूत्र म्हणजे एवढेच. एक वजा करणे आणि चाराने भागणे या दोन स्वतंत्र युक्त्या नाहीत. एकाच मोजणीची ती दोन रूपे आहेत.

भागाकाराचा अर्थ समजण्यासाठी मतदार यादीचे उदाहरण सोपे पडते. यादीत प्रत्येकाचे नाव नेमके तीनदा छापले गेले असेल, तर एकूण नावांना तिनाने भागले की खरे मतदार मिळतात. दुबार नावे एकेक शोधून खोडण्याची गरज उरत नाही. भागाकार हा दुबार नोंदी एका फटक्यात काढण्याचा मार्ग आहे. मात्र त्याला एक अट आहे. प्रत्येकाचे नाव सारख्याच वेळा आलेले असले पाहिजे. काहींचे तीनदा आणि काहींचे एकदाच असेल तर भागाकारातून येणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

कितीने भागायचे हेही माणसांच्या संख्येवरून ठरत नाही, तर टेबल कितीदा फिरवले तरी फरक कळत नाही यावरून ठरते. आठ माणसे गोल टेबलाभोवती असतील तर ४०,३२० ला आठाने भागून ५,०४० येतात. तीच आठ माणसे चौरस टेबलाच्या प्रत्येक बाजूला दोन अशी बसली, तर टेबल फक्त चार प्रकारे फिरवल्यावर पूर्वीसारखे दिसते. एक खुर्ची सरकले तर कोपऱ्याच्या अलीकडचा माणूस पलीकडे जातो आणि ज्याच्याबरोबर तो एका बाजूला बसला होता तो बदलतो. म्हणून येथे भागाकार चाराने आणि उत्तर १०,०८०. खुर्च्यांना क्रमांक दिलेले असतील तर भागाकारच नाही. सगळे ४०,३२० प्रकार वेगळे. परीक्षेत ‘गोल टेबल’ हे दोन शब्द दिसताच आठाने भागणारे विद्यार्थी खुर्च्यांवरचे क्रमांक वाचायचे राहून जातात.

हाराला दोन बाजू असतात

आता माणसांच्या जागी चार मणी घेऊ : लाल, पांढरा, निळा, हिरवा. दोऱ्यात ओवून गाठ मारली की फिरवण्याचा मुद्दा टेबलासारखाच राहतो. हारात आणखी एक सोय असते, ती टेबलाला नाही. हार उचलून पालथा ठेवता येतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लाल, पांढरा, निळा, हिरवा असा असलेला हार उलटवला की त्याच दिशेने लाल, हिरवा, निळा, पांढरा असा वाचला जातो. वस्तू तीच आणि वाचन उलटे. माणसांच्या बाबतीत असे करता येत नाही, कारण उजवीकडचा शेजारी डावीकडे गेला की बैठक खरोखरच बदलते.

त्यामुळे चार मण्यांच्या एका हाराच्या चार नोंदी सुलट बाजूच्या आणि चार उलट बाजूच्या, अशा आठ होतात. २४ भागिले ८ म्हणजे ३ हार. हे खरे आहे का, हे सूत्राशिवायही पडताळता येते. चार मण्यांच्या हारात लाल मण्याच्या समोर कोण, एवढे ठरले की उरलेले दोन मणी त्याच्या दोन बाजूंना येणार आणि कोण कोणत्या बाजूला हे हार उलटवून बदलता येते. लालच्या समोर पांढरा, निळा किंवा हिरवा, असे तीनच पर्याय. उत्तर जुळते.

छायाचित्रातील पहिला प्रश्न याच वाटेने सुटतो. सहा वेगळ्या मण्यांच्या ७२० नोंदी. प्रत्येक हाराच्या सहा सुलट व सहा उलट, म्हणजे बारा नोंदी. ७२० भागिले १२ म्हणजे ६०. सर्व मणी वेगळे असल्यामुळे या बारा नोंदींपैकी कोणत्याही दोन एकसारख्या असू शकत नाहीत आणि म्हणूनच भागाकार निर्धास्तपणे करता येतो.

येथे दोन अपवाद सांगायला हवेत. मणी दोनच असतील तर सूत्र अर्धा हार असे उत्तर देते. दोन मण्यांचा हार उलटवणे आणि फिरवणे यांत फरकच नसतो. चार नोंदी मिळतील असे सूत्र धरून चालते आणि प्रत्यक्षात दोनच मिळतात. निम्मे करण्याचे सूत्र तीन किंवा अधिक वेगळ्या मण्यांपासूनच लागू होते. दुसरा अपवाद व्यवहारातला आहे. हाराला पुढे लावायचे पदक असेल, मंगळसूत्राला वाट्या असतील किंवा जपमाळेला मेरुमणी असेल तर सुरुवात कुठून ही खूण आपोआप मिळते. मग फिरवण्यामुळे होणारी दुबार नोंद उरत नाही. जपमाळ मेरुमण्याच्या कोणत्याही बाजूने वाचता येते, म्हणून तेथे फक्त दोनाने भागावे लागेल. मंगळसूत्राच्या वाट्यांना तर पुढची व मागची बाजूही वेगळी असते, त्यामुळे तेथे काहीच भागायचे नाही. हार हा शब्द एकच असला तरी मोजणी वस्तूनुसार बदलते.

अर्धवट हाराचे कोडे

दुसऱ्या प्रश्नात तीन लाल आणि तीन पांढरे मणी आहेत. सहा जागांपैकी लाल मण्यांसाठी तीन जागा निवडण्याचे २० मार्ग आहेत, म्हणजे रांगेतल्या नोंदी २०. विद्यार्थिनीने येथवर बरोबर केले होते. पुढचा बाराने भागण्याचा टप्पा फसला.

का फसला, हे पाहण्यासाठी उलटवण्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवून फक्त फिरवण्याकडे पाहू. लाल मण्याला ल आणि पांढऱ्याला प म्हणू. तिन्ही लाल एकत्र असलेला ल-ल-ल-प-प-प हा हार एकेक घर फिरवत गेले तर सहा वेगळ्या नोंदी मिळतात आणि सातव्या वेळी मूळ नोंद परत येते. ल-ल-प-ल-प-प याच्याही सहा आणि ल-ल-प-प-ल-प याच्याही सहा. अठरा नोंदी संपल्या. उरलेल्या दोन नोंदी कोणत्या? एक ल-प-ल-प-ल-प आणि दुसरी प-ल-प-ल-प-ल. या एकाच हाराच्या आहेत. एका आड एक रंग असलेला हार एक घर फिरवला की दुसरी नोंद मिळते आणि दोन घरे फिरवला की पुन्हा पहिली. त्याच्या नोंदी सहा होतच नाहीत, दोनच होतात.

म्हणजे २० ची फोड ६ + ६ + ६ + २ अशी आहे आणि फिरवून वेगळे राहणारे हार चार आहेत. मतदार यादीच्या भाषेत, तीन मतदारांची नावे सहा-सहा वेळा छापली गेली आणि एकाचे दोनदाच. अशा यादीला सहाने भागून काही हाती लागत नाही.

आता हार उलटवायची मुभा देऊ. ल-ल-प-ल-प-प हा उलट बाजूने वाचला आणि दोन लाल पुढे येतील असा फिरवला की ल-ल-प-प-ल-प मिळतो. हे दोघे एकाच हाराच्या दोन बाजू ठरतात. इतर दोन हार उलटवले तरी स्वतःसारखेच दिसतात. म्हणून चाराचे तीन होतात आणि २० ची फोड ६ + १२ + २ अशी होते. सरावपत्रिकेतील ३ हे उत्तर बरोबर होते. बारा नोंदी असलेला हार मात्र तिघांत एकच निघाला, म्हणून बाराने भागल्यावर अपूर्णांक आला. विद्यार्थिनीचा ‘अर्धवट हार’ हा खरे तर इशारा होता : हार आपल्याशीच जुळतो आहे आणि नोंदी कमी पडत आहेत.

हजेरी घेण्याची रीत

वीस नोंदी हाताने लिहिता येतात. मणी बारा किंवा वीस झाले की ते शक्य होत नाही. त्यासाठी वापरली जाणारी रीत ‘बर्नसाइडचा लेमा’ या नावाने ओळखली जाते. इंग्लिश गणिती विल्यम बर्नसाइड यांनी १८९७ सालच्या आपल्या ग्रंथात ती दिली आणि श्रेय जर्मन गणिती फ्रोबेनियस यांना दिले. फ्रोबेनियस यांनी ती १८८७ मध्ये मांडली होती आणि त्याआधी १८४५ मध्ये फ्रान्सचे कोशी तिच्यापर्यंत पोहोचले होते. नाव मात्र बर्नसाइड यांचेच चिकटले.

नाव जड असले तरी रीत साधी आहे. हार फिरवण्याचे जेवढे प्रकार आहेत, त्या प्रत्येक प्रकाराने किती नोंदी जशाच्या तशा राहतात ते मोजायचे आणि त्या आकड्यांची सरासरी काढायची. सरासरी हेच उत्तर.

तीन लाल व तीन पांढऱ्या मण्यांवर ती चालवून पाहू. फिरवण्याचे सहा प्रकार : अजिबात न फिरवणे, मग एक, दोन, तीन, चार किंवा पाच घरे फिरवणे. न फिरवल्यास सर्व २० नोंदी तशाच राहतात. एक किंवा पाच घरे फिरवून काही बदलू नये, यासाठी सगळे मणी एकाच रंगाचे लागतील, तेव्हा तेथे शून्य. दोन किंवा चार घरे फिरवून तसेच राहण्यासाठी एकाआड एक जागांवर एकच रंग हवा; अशा दोन नोंदी आहेत. तीन घरे फिरवल्यावर समोरासमोरचे मणी एकमेकांच्या जागी जातात, म्हणून ते एकाच रंगाचे हवेत. मग लाल मणी जोड्यांनीच येतील आणि तीन लाल जोड्यांत बसत नाहीत, तेव्हा शून्य. बेरीज २० + ० + २ + ० + २ + ० = २४. सहाने भागून ४. भागाकार येथेही सहानेच झाला आणि या वेळी तो बिनचूक आला.

या वेळी का जमले? कारण मोजले काय हे बदलले. ल-ल-ल-प-प-प या हाराच्या सहा नोंदी आहेत आणि त्यातली प्रत्येक फक्त ‘न फिरवणे’ या एकाच प्रकारात टिकते. सहा गुणिले एक, सहा. एकाआड एक रंगाच्या हाराच्या नोंदी दोनच आहेत, पण त्यातली प्रत्येक न फिरवणे, दोन घरे आणि चार घरे अशा तीन प्रकारांत टिकते. दोन गुणिले तीन, पुन्हा सहा. नोंदी जितक्या पटीने कमी, तितक्या पटीने त्या अधिक वेळा हजेरी लावतात. त्यामुळे हजेरीपटावर प्रत्येक हाराच्या नावापुढे नेमके सहा येतात आणि यादी पुन्हा सारख्या दुबार नोंदींची होते. मूळ यादीत जी अट मोडली होती, ती येथे पाळली जाते.

उलटवण्याचीही मुभा असेल तर आणखी सहा प्रकार वाढतात. त्यातील तीन प्रकारांत हार समोरासमोरच्या दोन मण्यांमधून जाणाऱ्या रेषेभोवती उलटतो. ते दोन मणी जागीच राहतात आणि उरलेल्या चारांच्या दोन जोड्या होतात. तीन लाल मणी हवेत म्हणजे जागच्या दोघांपैकी एक लाल आणि दोन जोड्यांपैकी एक जोडी लाल : दोन गुणिले दोन, चार नोंदी. असे तीन प्रकार म्हणून बारा. उरलेल्या तीन प्रकारांत रेषा मण्यांच्या मधून जाते आणि सगळे मणी जोड्यांत येतात, तेव्हा शून्य. एकूण २४ + १२ = ३६ आणि ३६ भागिले १२ म्हणजे ३.

एकच शब्द, दोन उत्तरे

विद्यार्थिनीने याच प्रश्नाचा शोध इंटरनेटवर घेतला असता तर तिला कदाचित ४ हे उत्तर मिळाले असते आणि तेही चूक म्हणता आले नसते. उच्च गणितात ‘नेकलेस’ हा शब्द फक्त फिरवता येणाऱ्या मांडणीसाठी वापरतात. उलटवताही येणाऱ्या मांडणीला तेथे ‘ब्रेसलेट’ म्हणतात. शालेय गणितात मात्र हार म्हटला की तो उलटवता येतो असेच गृहीत धरतात. दोन्ही परंपरांत संकेत वेगळा असल्यामुळे सहा वेगळ्या मण्यांसाठी शालेय पुस्तकात ६० आणि इतरत्र १२० असे उत्तर सापडू शकते. प्रश्नात उलटवण्याबद्दल काय म्हटले आहे, हे पाहिल्याशिवाय दोन उत्तरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

तीन या उत्तराला रसायनशास्त्रातही एक जागा आहे. बेंझीनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असते, अशी मांडणी केकुले यांनी १८६५ मध्ये केली. हे कडे सपाट असते, म्हणजे फिरवताही येते आणि उलटवताही. त्याच्या सहा हायड्रोजनपैकी तिघांच्या जागी क्लोरिन बसवला तर किती वेगळी संयुगे होतील, हा प्रश्न तीन लाल व तीन पांढऱ्या मण्यांचाच आहे. ट्रायक्लोरोबेंझीनचे प्रकारही तीनच आहेत : तिन्ही क्लोरिन शेजारी, दोन शेजारी व एक सुटा, आणि एकाआड एक.

विल्हेल्म कॉर्नर यांनी १८७४ मध्ये या मोजणीचा उलटा उपयोग केला. ब्रोमिनचे दोन अणू असलेल्या बेंझीनचे तीन प्रकार माहीत होते, पण कोणत्या बाटलीत कोणता प्रकार हे डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. तिसरा ब्रोमिन बसवल्यावर किती वेगळी संयुगे मिळतात, हे कॉर्नर यांनी पाहिले. दोन ब्रोमिन शेजारी असतील तर दोन, एक घर सोडून असतील तर तीन आणि समोरासमोर असतील तर एकच. सहा मण्यांचा हार हातात घेऊन दोन लाल मणी ठेवावेत आणि तिसरा सर्व रिकाम्या जागी बसवून पाहावा. हेच आकडे मिळतात. पुढे जॉर्ज पोल्या यांनी १९३७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा मोजणीची व्यापक रीत मांडली, तीही रासायनिक संयुगे डोळ्यांसमोर ठेवून.

तिसरा प्रश्न

छायाचित्रातला तिसरा प्रश्न कडेला तुटलेला असल्याने त्याचे उत्तर लगेच देता येत नव्हते. छापलेले उत्तर १५ होते. प्रत्येक रंगाचे दोन अशा सहा वस्तू रांगेत मांडण्याचे ९० मार्ग आहेत आणि ९० भागिले ६ म्हणजे बरोबर १५. अपूर्णांक नाही, शंका घ्यायला जागा नाही. दुसऱ्या प्रश्नात चुकीने स्वतःच हात वर केला होता. येथे ती गप्प बसली.

सहा नोंदींचा नियम येथेही मोडतो, हे पाहायला वेळ लागत नाही. निळ्याला न म्हणू. ल-प-न-ल-प-न ही मांडणी तीन घरे फिरवली की पुन्हा तीच. तिच्या नोंदी तीनच. ल-न-प-ल-न-प या मांडणीच्याही तीनच. ९० मधून या सहा वजा केल्या तर ८४ उरतात आणि त्या सहा-सहाच्या चौदा मांडण्यांच्या आहेत. चौदा आणि दोन, सोळा. सरळ भागाकारात तीन-तीन नोंदींच्या या दोन मांडण्या मिळून सहा झाल्या आणि दोघींची मिळून एकच मोजली गेली. दोन अर्धवट उत्तरे जोडून एक पूर्ण झाल्यामुळे पूर्णांक आला, एवढेच. हजेरीच्या रीतीनेही तेच येते : न फिरवल्यास ९०, तीन घरे फिरवल्यास ६, बाकी शून्य, ९६ भागिले ६ म्हणजे १६.

ज्या प्रश्नांना चार पर्याय दिलेले असतात, तेथे १५ हा पर्याय हमखास निवडला जाईल. तो तपासण्याची खूण एकच आहे. रंगांच्या संख्या पाहाव्यात : ३ आणि ३, किंवा २, २ आणि २. या सगळ्यांना भागणारी एकापेक्षा मोठी संख्या असेल तर हाराचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा येऊन स्वतःशी जुळणारी मांडणी तयार होऊ शकते आणि फिरवण्याचा सरळ भागाकार सोडून द्यावा. दोन लाल, तीन पांढरे आणि एक निळा असा संच असता तर असा तुकडा शक्यच नव्हता. ६० नोंदींना सहाने भागून १० हे उत्तर बिनदिक्कत देता आले असते. उलटवण्याची मुभा असेल तर मात्र ही खूण पुरत नाही, कारण डावी-उजवी बाजू जुळणारे हार त्या संचातही निघतात आणि त्यांच्यासाठी हजेरीच घ्यावी लागते.

राहिला प्रश्न तो तुटलेल्या ओळीचा. ‘दोन पांढऱ्या व दोन निळ्या’ यापुढे ‘मण्यांचे हार’ असे शब्द असते तर उलटवण्याचे सहा प्रकारही मोजावे लागले असते. त्या प्रत्येक प्रकारात सहा नोंदी टिकतात, म्हणजे एकूण ३६. ९६ आणि ३६ मिळून १३२, त्याला बाराने भागून ११. मामाने दोन्ही उत्तरे कळवली आणि पानाचे पूर्ण छायाचित्र मागवले. दुसऱ्या दिवशी ते आले. ओळ अशी होती : ‘दोन लाल, दोन पांढऱ्या व दोन निळ्या पणत्या रांगोळीभोवती समान अंतरावर किती प्रकारे मांडता येतील?’ पणत्या तेलाने भरलेल्या असतात, त्या उलटवता येत नाहीत. उत्तर १६. विद्यार्थिनीने नव्वदच्या फोडीसह ते शिकवणीवर्गात दाखवले आणि सरावपत्रिकेच्या पुढच्या प्रतींत १५ खोडून १६ करण्यात आले.